बासष्ट की पासष्ट

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या सोसायटीच्या हाउजीत तळमजल्यावरच्या आजोबांनी ‘फुल हाउस!’ म्हणून हात वर केला. आजोबा सहसा बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी आधी टाळ्याच वाजवल्या. मग तिकीट तपासायला पुढे गेलं आणि त्यांनी पासष्ट खोडलेला निघाला. पुकारला गेला होता बासष्ट. ‘बोगी, बोगी’ असा पोरांचा गलका झाला, तिकीट बाद झालं आणि आजोबांनी ते नीट चौघडी करून खिशात ठेवलं. शेजारी बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, “मीपण पासष्टच ऐकलं हो.” पुढचा नंबर लगेच निघाला आणि खेळ पुढे गेला. मला मात्र ते टोचत राहिलं. आजोबांचं लक्ष नव्हतं असं नाही. दोन्ही आकडे ओठांतूनच फुटतात, शेपूट एकच, आणि पुकारणारा मुलगा दर नंबरला माईकचं बटण दाबायचा, त्यात पहिलं अक्षर अर्धं गिळलं जायचं. आमचं पार्किंग दोन विंगांच्या मधे आहे. तिथे शब्दाची सुरुवात हरवते आणि शेवट भिंतीवर आपटून दोनदा ऐकू येतो. ‘…सष्ट …सष्ट’ एवढंच पोचत होतं. बरं, हे दोन्ही आकडे तिकिटावर एकाच उभ्या रकान्यात, साठच्या घरात. इंग्रजीत नाइन्टीन आणि नाइन्टीमधे गोंधळ झाला तर रकानाच सांगतो की काहीतरी चुकलं. इथे रकानाही गप्प बसतो.

यंदा कमिटीतल्या वहिनींनी “हाउजीला मराठी यमकं कर ना, तुला जमतं” असं म्हटलं, तेव्हा माझ्या डोक्यात गंमत नंतर आली, आधी तो बासष्ट आला.

आतापर्यंत आमच्याकडे पुकारणारे फोनवर बघून इंग्रजी पुकार वाचायचे. ‘लेग्ज इलेव्हन’, ‘टू लिटल डक्स’, आणि अठ्ठ्याऐंशीला ‘टू फॅट लेडीज’. या शेवटच्याला दरवर्षी हशा व्हायचा. हसणाऱ्यांत सी विंगमधल्या काकूही असायच्या आणि हसताहसता पदर पुढे ओढून घ्यायच्या. ते दिसल्यावर पुढे मला त्या नंबरला हसू आलं नाही. पण इंग्रजी पुकारांची एक गोष्ट फार चांगली आहे, ती मी वही घेऊन बसल्यावरच लक्षात आली. इंग्रजीत ‘सिक्स्टी टू’ म्हणताना एकक शेवटी येतो. म्हणून बासष्टला ‘टिकेटी बू’ म्हटलं की ‘बू’ला ‘टू’ जुळतो आणि यमकच नेमका आकडा सांगतं. ऐकणाऱ्याला दहाचं घर एकदा कळलं की यमक उरलेलं काम करतं.

मराठीत सगळं उलटं. आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट हे आठही एकमेकांचं यमकच आहेत. म्हणजे मी ‘कष्ट’ जुळवला तर तो आठांनाही तितकाच लागू. ओळ गोड होईल, लोक वा वा म्हणतील, आणि आजोबा पुन्हा पासष्टच खोडतील. मराठी नंबराला शेवटचं यमक फक्त रकाना सांगतं. त्यातला नेमका आकडा सांगायचा तर ओळीची सुरुवात आकड्याच्या सुरुवातीशी बांधायला हवी. बासष्टची ओळ ‘बा’ने सुरू व्हावी, पासष्टची ‘पा’ने. शिवाय तो पहिला शब्द चांगला ठसठशीत असावा. माईकने आकड्याचं पहिलं अक्षर खाल्लं तरी ओळीचा पहिला शब्द आधीच कानात बसलेला असतो.

एका रविवारी दुपारी मी साठचं अख्खं घर एका बैठकीत बसवलं. एकसष्ट सोपा गेला: ‘एकट्यानेच उपसले कष्ट, एकसष्ट.’ बासष्टला ‘बाई बोलल्या अगदी स्पष्ट’. त्रेसष्टला शब्द मिळेना, मग आईच्या तोंडचा ‘त्रेधा’ आठवला आणि ‘त्रेधा उडाली, बेत झाला नष्ट’ असं झालं. चौसष्टला ‘चौदा विद्यांच्या पुढचे कष्ट’, कारण चौदा विद्या म्हटलं की चौसष्ट कला आपोआप जिभेवर येतातच. पासष्टला ‘पास झालो, फळले कष्ट’. सहासष्टला ‘सहा जणांचा स्वयंपाक, केवढे कष्ट’. सदुसष्टला सदाशिव पेठ हाकेच्या अंतरावर उभीच होती: ‘सदाशिव पेठेत बोलणं स्पष्ट’. अडुसष्टला ‘अडून बसला, सांगेना स्पष्ट’. एकोणसत्तर मी मुद्दाम बाजूला ठेवला, त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

ओळी झाल्या तरी त्या कागदावर बऱ्या दिसतात म्हणून चालत नाही. आईला बाहेरच्या खोलीत बसवलं, हातात तिकीट दिलं, मी स्वयंपाकघरात मिक्सर लावून ओळी म्हणायला लागले आणि आकड्याचं नाव मुद्दाम तोंडातल्या तोंडात टाकलं. आईने ओळखला तर ओळ पास. ‘पास झालो’ आणि ‘बाई बोलल्या’ दोन्ही पहिल्या फेरीत लागले. ‘सहा जणांचा’ला तिने क्षणभर सदुसष्टकडे बोट नेलं, पण ‘सहा’ हा आकडाच ओळीत असल्याने परत आली. ‘चौदा विद्या’ला आधी चौदा खोडायला निघाली. ही जोखीम खरीच आहे. ओळीत दुसरा आकडा आला की अर्धं लक्ष तिकडे जातं, आणि चौदा तर वेगळ्याच रकान्यात बसतो. म्हणून चौसष्टला शेवटी ‘चौकात भांडण, चौकशीचे कष्ट’ हे घेतलं. विद्या-कला गेल्याची हळहळ वाटली, पण ओळीचं पहिलं काम नंबर पोचवण्याचं आहे.

मला वाटतं, हे सगळं आपल्या उखाण्यासारखं आहे. उखाण्यात पहिली ओळ काहीही असते, चांदीच्या ताटापासून मंगळसूत्रापर्यंत, आणि ऐकणाऱ्यांचा जीव शेवटच्या नावाकडे लागलेला असतो. नाव सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ते येण्याआधीचा तो अर्धा श्वास सगळ्यांना हवा असतो. हाउजीत नाव कुणालाच ठाऊक नसतं, एवढाच फरक. तो अर्धा श्वास मी प्रत्येक ओळीत राखून ठेवला. आधी ओळ, मग थांबा, मग नंबरचं नाव, मग सुटे आकडे: ‘सहा-दोन’. हे सुटे आकडे नुसते वयस्कर लोकांसाठी नाहीत. आमच्याकडची बरीच मुलं इंग्रजी शाळेत जातात. त्यांना ‘बासष्ट’मधला ‘बा’ आधी ऐकू येतो आणि ती सरळ सव्वीसकडे वळतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला, तेव्हा आमच्या गच्चीवरही दोन तट पडले होते. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अडतो हे शांतपणे मांडलं होतं. मी त्या वेळी जुन्या नावांच्या बाजूने तावातावाने बोलत होते. आजही ‘साठ दोन’ मला ओळीत बसवता येत नाही, त्रेधा आणि त्रेसष्ट यांची गाठ तिथे पडतच नाही. पण हाउजीत सव्वीस खोडणारी पोरं पाहिली की त्या अडचणीचा चेहरा दिसतो. सुटे आकडे म्हणताना दोन्ही तट एका माईकवर येतात, हे मला बरं वाटतं. शेजारचं कानडी कुटुंबही त्या सुट्या आकड्यांवरच खेळतं, आणि ओळी मात्र आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणतं.

पन्नासचं घर सगळ्यात गोड निघालं, कारण तिथे अन्न, प्रसन्न आणि उत्पन्न असे भरल्या घरातले शब्द शेवटी येतात. एक्कावन्नला ‘एक पाकीट आहेराचं, यजमान प्रसन्न’. पंचावन्नला ‘पंगतीत वाढलं पंचपक्वान्न’. चोपन्न आणि छप्पन्न ही तिथली बासष्ट-पासष्टसारखी जोडी. तिथे ‘चोख हिशेब, चोख उत्पन्न’ आणि ‘छप्पर फाडून आलं उत्पन्न’ असं केलं. ‘चोख’ आणि ‘छप्पर’ कितीही खरखरीत स्पीकरमधून वेगळेच ऐकू येतात. बावन्नला यमकाची गरजच नव्हती. ‘पत्त्यांचा पूर्ण डाव’ म्हटलं की पुरे. काही आकड्यांना आपल्या भाषेने आधीच नाव देऊन ठेवलं आहे, तिथे ओढून यमक आणलं की उलट ओळ लुळी पडते. पस्तीसला ‘काठावर पास’, चाळीसला ‘नाकावर आला चष्मा’, बत्तीसला ‘दात दाखव’.

छत्तीसपाशी मात्र मी बराच वेळ रमले. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर त्याहून चांगलं काही नाही, आणि दोघांचा छत्तीसचा आकडा म्हटलं तर त्याहून वाईट काही नाही. एकाच आकड्यात लग्नही आणि भांडणही. भांडणाचं कारण देवनागरीत डोळ्यांना दिसतं: ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले. तिकिटावर मात्र 36 छापलेलं असतं, म्हणून ‘पाठीला पाठ’ एवढीच खूण दिली तर लहान मुलं बिचारी बुचकळ्यात पडतात. आकारावरून खूण द्यायची तर ती छापलेल्या आकड्याच्या आकारावरूनच द्यावी लागते. आजीच्या पिढीला आठ म्हटलं की ८ दिसतो, त्यात लाडू नाही की बाहुली नाही. तिकिटावरच्या 8 मध्ये मात्र लाडवावर लाडू आहे. अठ्ठ्याऐंशीची ओळ मला तिथून सापडली: ‘लाडवांवर लाडू रचते मावशी, अठ्ठ्याऐंशी.’ ऐंशीच्या घराला ‘मावशी’ आणि ‘उशी’ सोडून फार काही मिळत नाही, पण मावशी कुणाला नको असते? त्र्याऐंशीला ‘कपिलने कप आणला, पिळून मिशी’ असं केलं. तिथे ‘त्र्या’ने सुरू होणारा शब्द काही मिळाला नाही, पण 1983चा विश्वचषक ज्याला आठवत नाही अशा माणसाला त्याच्या शेजारचा तरी सांगतोच. छत्तीसला मी शेवटी दोन्ही बाजू ठेवल्या: ‘गुण सारे जुळले, तरी पाठीला पाठ.’

बाहत्तरने मला थांबवलं.

माझी पहिली ओळ दुष्काळाची होती. सत्तरच्या घराला ‘अत्तर’ इतकं सहज जुळतं की मला त्या सोप्या वाटेने जायचं नव्हतं. आणि महाराष्ट्रात बाहत्तर म्हटलं की अमुक एका वयाच्या वरच्या माणसाला दुसरं काही आठवतच नाही. ‘मिलोची भाकरी, सुकडीचा घास’ असं काहीतरी मी लिहिलं होतं. बी विंगमधल्या आजी बीडकडच्या. त्यांना मी ओळ वाचून दाखवली, त्या काळचे शब्द बरोबर आहेत का एवढंच विचारायला. त्यांनी शब्द तपासले. मिलोची भाकरी लाल व्हायची आणि लवकर वाळून जायची हे सांगितलं. तळपत्या उन्हात दिवसभर खडी फोडायची आणि हाताला फोड आले की चिंधी बांधून पुन्हा हातोडी धरायची, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, “बाळा, शब्द बरोबर आहेत. पण हसायच्या खेळात नको घालूस. कुणी हसलं नाही तर तुला वाईट वाटेल, आणि कुणी हसलं तर मला.” मी ती ओळ काढली. त्या जागी ‘बाटली उघडली, दरवळलं अत्तर, बाहत्तर’ आली. ती कानाला अचूक लागते, ‘बा’ने सुरू होते, कुणाला दुखवत नाही. तरी ती म्हणताना मला प्रत्येक वेळी आधीची ओळ खालून दिसते. खेळ हलका हवा हे मला पटतं, आणि एवढं मोठं वर्ष अत्तराच्या बाटलीत बंद केल्याचंही मनात राहतं. दोन्ही एकदम खरं आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ मी सुचताक्षणी खोडली होती, तिथे असं काही वाटलं नाही. पुढच्या दोन रांगा साठीच्याच असतात.

आता एकोणांचं दुखणं. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळ्यांची सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा, म्हणजे बाकी घरांच्या नेमकं उलट. इथे सुरुवात बांधून काही उपयोग नाही, इथे शेवटचं यमकच राजा. एकोणसत्तरला अत्तर, एकोणऐंशीला मावशी, आणि काम झालं असं वाटतं. पण यात फसगत दुसरीकडे होते. ‘एकोणसाठ’ ऐकलं की डोळे साठच्या रकान्यात जातात आणि एकोणसाठ तर पन्नासच्या रकान्यात बसलेला असतो. माणूस साठचा रकाना वरून खालपर्यंत बघतो, सापडत नाही, तोवर पुढचा नंबर निघतो. नंबर तिकिटावर असूनही न खोडलेला राहतो. खेळ संपल्यावर तिकिटं गोळा करताना मी हे बघितलं आहे. पुकारलेले पण न खोडलेले जे आकडे दिसतात, त्यांत एकोणांची गर्दी असते. माझी ओळ होती ‘साठीला एकच कमी, सोडा आता गाठ’. हिशेब बरोबर, यमक बरोबर, पण ती ‘साठी’ हा शब्द आधी उच्चारून डोळ्यांना चुकीच्याच रकान्यात पाठवत होती. हे मला खेळाच्या दिवसापर्यंत सुटलं नव्हतं.

खेळाच्या संध्याकाळी शंभराच्या वर तिकिटं गेली. एवढी तिकिटं असली की फुल हाउस साधारण पासष्टाव्या नंबराच्या आसपास लागतं. एका नंबराला दहा-बारा सेकंद धरले तर डाव अकरा-तेरा मिनिटांत आटपतो. ओळ लांबली आणि तेच वीस सेकंद झाले की वीस-बावीस मिनिटं जातात, मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात आणि पोरं खुर्च्यांखाली शिरतात. म्हणून एका श्वासात न मावणाऱ्या सगळ्या ओळी मी आदल्या रात्री कापल्या होत्या. माईक पुकारणाऱ्याच्या हातातून काढून स्टँडवर ठेवला आणि बटण पूर्ण वेळ चालू ठेवलं. एक नियम आधीच सांगितला: ओळीवरून नंबर ओळखला तरी दावा करायचा तो नाव पुकारल्यावरच. हा नियम नसता तर भांडणं झाली असती, कारण पहिल्या पाचाचं बक्षीस एका मुलीने ‘बाई बोलल्या’ एवढ्यावरच ओरडून मागितलं. तिला थांबवलं, नाव पुकारलं, मग तिला दिलं.

दुसऱ्या डावात एक गोष्ट झाली जी मी ठरवली नव्हती. ओळी लोकांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. पुकारणारा ‘पास झालो’ म्हणून थांबला आणि समोरून शंभर तोंडांनी ‘फळले कष्ट’ आलं, त्यावर त्याने ‘पासष्ट’ ठेवला. त्यानंतर तो अर्धीच ओळ टाकत गेला आणि लोक पुरी करत गेले. बहिरे कान, खरखरता स्पीकर, दोन भिंतींचा प्रतिध्वनी, कशाचंच काही चालेना. शेजारचा माणूस कानात ओरडत असताना ऐकू न येण्याचा प्रश्न येतो कुठे! तळमजल्यावरचे आजोबा मधल्या ओळीचं बक्षीस घेऊन गेले. खडीचे दिवस सांगणाऱ्या आजींनी अत्तराची ओळ सगळ्यांबरोबर म्हटली, मी बघत होते.

तिसऱ्या डावाच्या आधी, बटाटेवड्यांच्या सुट्टीत, सी विंगमधल्या काकू वहीकडे आल्या. अठ्ठ्याऐंशीला लाडू रचणारी मावशी त्यांना आवडली होती हे त्यांनी सांगितलं नाही, पण ती ओळ निघाली तेव्हा त्यांनी पदर ओढला नव्हता. त्या म्हणाल्या, “तुझा एकोणसाठ चुकतोय गं. मी दोन्ही डावांत साठमधे शोधत बसले.” मी म्हटलं, मलाही तेच सुटत नाहीये. त्यांनी हातातला वड्याचा कागद खाली ठेवला, बोटं पुसली, पेन मागितलं आणि माझ्या ओळीवर काट मारून खाली लिहिलं: ‘पन्नासच्या घरात बघा, शोधू नका साठ.’ रकाना आधी, यमक नंतर, आणि चुकीच्या रकान्याला सरळ नकार. तिसऱ्या डावात तो नंबर निघाला. काकूंनी ओळ स्वतः माईकवर येऊन म्हटली, आणि डाव संपल्यावर मी तिकिटं चाळली तेव्हा एकोणसाठ जिथे जिथे होता तिथे जवळजवळ सगळीकडे खोडलेला होता. आता एकोणचाळीस, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी याच धर्तीवर काकूंकडून करून घ्यायचे आहेत. एकोणसत्तरला त्यांनी जिन्यातच सुरुवात केली: ‘साठच्या घरात बघा, लावू नका अत्तर.’